शिल्लक शून्य कशी येते?

१ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतला घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआर, मोबाइलवर चेहरा जुळल्याशिवाय द्यायचा नाही असा केंद्राचा दंडक आला आणि आमच्या खान्देशात धडगावपासून चाळीसगावपर्यंत वाद पेटला. एक बाजू म्हणते, आहाराचं रजिस्टर म्हणजे खोट्या अंगठ्यांचं कोठार. ते बंद करा, फोटो खोटं बोलत नाही. दुसरी बाजू म्हणते, सातपुड्यात रेंज नाही, बायकांच्या हातात फोन नाही, तुमचं ॲप तुमच्याजवळच ठेवा. दोघांचं भांडण चाललंय ते एकाच रकान्यावरून, सही-अंगठ्याच्या. बाई आली होती की नव्हती, एवढाच दोघांचा प्रश्न. माझं म्हणणं असं की आहाराची चोरी, टंचाई आणि आबाळ या तिन्ही गोष्टी जिथे उघड्या पडतात तो रकाना सहीचा नाहीच. तो त्याच्या पलीकडचा, शिल्लकेचा आहे. आणि तो रकाना खरा लिहिणाऱ्या सेविकेला आपण शिक्षा करतो. ही शिक्षा बंद झाली तर साधं कागदी रजिस्टर पुष्कळ काम करील. ती चालू राहिली तर ॲपमध्येही तेच खोटं भरलं जाईल, फक्त सुबक अक्षरात.

आधी वहीत काय असतं ते पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी अनेकांनी ती उघडून पाहिलेली दिसत नाही. अंगणवाडीच्या ठरीव अकरा नोंदवह्यांपैकी दोन आहाराच्या. एक साठ्याची: कोणत्या तारखेला, कोणत्या चलनाने, किती माल आला, मागची शिल्लक किती, एकूण किती, वाटप किती, उरलं किती. दुसरी वाटपाची: एकेका लाभार्थ्याचं नाव, दिलेला माल, सही किंवा अंगठा. या दुसऱ्या वहीत टीएचआरपुरती मुख्यतः तीन प्रकारची माणसं येतात, सहा महिने ते तीन वर्षांची बाळं, गरोदर बाया आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंतच्या स्तनदा माता. तीन वर्षांपुढची पोरं अंगणवाडीतच बसून गरम जेवतात, त्यांचा हिशेब निराळा. महिन्याचे पंचवीस दिवस धरून माल ठरतो. साठ्याची वही आणि वाटपाची वही यांची गाठ पडते ती महिन्याच्या अहवालात. तिथे साठ्यातून निघालेला माल आणि नावांपुढे मांडलेला माल यांचा मेळ बसला पाहिजे. या मेळापायीच सगळं बिघडतं.

समजा, चोपडा किंवा शहादा तालुक्यातलं डोंगरालगतचं एक गाव आहे. नोव्हेंबरच्या यादीत ४० बाळं, ६ गरोदर, ६ स्तनदा, म्हणजे ५२ नावं. हिशेब सोपा राहावा म्हणून प्रत्येकाला महिन्याला दोन पाकिटं धरू (प्रत्यक्षात बाळापेक्षा आईचं माप जास्त असतं). १०४ पाकिटं हवीत. पण मागणी गेली होती सप्टेंबरच्या यादीवर, तेव्हा नावं ४९ होती, म्हणून आली ९८. मागची शिल्लक ४, एकूण १०२. इकडे दिवाळी झाली आणि कोयत्याच्या टोळ्या उठल्या, कोणी बारडोली-सुरतेकडे, कोणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर. त्यांच्याबरोबर यादीतली १५ नावं गेली. उरलेल्या ३७ जणांना ७४ पाकिटं दिली. ३ उंदरांनी फोडली. महिनाअखेर खरी शिल्लक २५.

आता ही खरी शिल्लक लिहिली तर काय होतं? पर्यवेक्षिका विचारणार, पंचवीस पाकिटं पडून कशी? वाटप कमी का? वरून तिला विचारलं जातं म्हणून ती विचारते. खुलासा मागवला जातो. फुटलेल्या तीन पाकिटांना तर वहीत बहुधा जागाच नसते. आलं, दिलं, उरलं, एवढेच तीन रकाने. यावर एकच सोपा उपाय असतो. ३७ ऐवजी ५१ ओळी भरायच्या. चौदा ओळींवर सासूचा, जावेचा, नाहीतर मदतनीसबाईंचा अंगठा. एक नाव प्रामाणिकपणाची खूण म्हणून गैरहजर. ५१ दुणे १०२, शिल्लक शून्य, अहवाल स्वच्छ, शेरा ‘समाधानकारक’.

बरं, त्या पंचवीस पाकिटांचं झालं काय? इथे माझे शहरातले मित्र लगेच म्हणतात, विकली! काही ठिकाणी विकली जात असतीलही, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण तीच पाकिटं ताईने एखाद्या बाळाच्या चार वर्षांच्या हडकुळ्या भावाला दिलेली असू शकतात, ज्याचं नाव या वहीत बसतच नाही. यादीत नाव चढायची वाट पाहणाऱ्या नव्या सुनेला दिलेली असू शकतात. कोणी घेऊन जाऊन ढोरांच्या टोपल्यात ओतलेली असू शकतात, कारण पिठाची चवच तशी होती. सुकडी-शिऱ्याच्या पाकिटांचं काय व्हायचं ते खान्देशातल्या गोठ्यांना ठाऊक आहे. किंवा ती तशीच मदतनीसबाईंच्या घरी खाटेखाली असू शकतात. वही शून्य म्हणत असताना कपाटात माल सापडणं ही तुटीपेक्षा मोठी आफत, म्हणून तपासणीच्या दिवशी तो हलवावा लागतो. चोरी, दया, नापसंती आणि भीती, चारही गोष्टी एकाच शून्याखाली गाडल्या जातात. ज्या वहीतून यांचा फरक कळायचा, तीच आपण आंधळी करून ठेवली आहे. आणि पैशाचं म्हणाल तर २०१७ साली ठरलेल्या दराने बाळामागे दिवसाला आठ रुपये आणि आईमागे साडेनऊ. त्या चौदा ओळींत अकरा बाळं आणि तीन आया धरल्या तर एका गावात एका महिन्याचे सुमारे २,९०० रुपये त्या अंगठ्यांखाली खर्ची पडतात.

चेहरा ओळखणाऱ्यांची बाजू इथे सर्वांत भक्कम आहे आणि ती मान्य केली पाहिजे. वरच्या चौदा अंगठ्यांना मोबाइल अडवील. बारडोलीला गेलेल्या बाईचा चेहरा चोपड्यात कुठून आणणार? शिवाय एकच नाव माहेरच्या आणि सासरच्या अशा दोन अंगणवाड्यांत चढलेलं असेल तर ते कागदाला कधी कळत नाही, आधारशी जोडलेल्या यादीला कळतं. बाळंतपणाला माहेरी जायची आपली रीत पाहता हा गोंधळ लहान नाही. एवढं काम यंत्र खरोखर करतं.

पण मग पंचवीस पाकिटं कपाटात उरणार, त्यांचं काय? चेहरा जुळला याचा अर्थ बाई आली, एवढाच. तिला दोन पाकिटं मिळाली की एक, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. माल कमी आला तर बहुतेक सेविका ‘याला दिलं, त्याला नाही’ असं करत नाहीत. सगळ्यांच्या वाट्यातून थोडं थोडं कमी करतात. गावात राहायचं असतं तिला. बावन्न चेहरे जुळतील, बावन्न हिरव्या खुणा उमटतील आणि प्रत्येकीच्या पिशवीत माप अपुरं असेल. म्हणजे खोट्या माणसाची चोरी थांबली, खऱ्या माणसाच्या मापाची राहिलीच. उलट बाजूला, नोंदणीच्या वेळी ओटीपी जातो तो आधारला जोडलेल्या नंबरावर. तो फोन असतो नवऱ्याच्या खिशात आणि नवरा असतो उसाच्या फडात. ही बाई घरी आहे, गरोदर आहे, दारात उभी राहून विचारते आहे, “पाकीट उनं का वं ताई?” ताई तिला ओळखते, तिचं लग्न झालं तेव्हापासून. पण मोबाइलचा पडदा ओळखत नाही. आता ताईने नियम पाळला तर बाई रिकाम्या हाताने जाणार. पाकीट दिलं तर नोंद नाही आणि पुन्हा साठ्याचा मेळ चुकणार. तो मेळ बसवायला दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर पाकीट चढवावं लागणार. नव्या यंत्रातून जुनीच वाट निघते, कारण मागणी तीच आहे: शिल्लक शून्य दाखवा.

याहून वाईट खोटं तारखेचं, आणि त्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. माल पुष्कळदा दोन महिन्यांचा एकदम येतो आणि उशिरा येतो. जून-जुलैचा माल ऑगस्टच्या मध्यावर आला, तर वहीत तो ऑगस्टमध्येच दिसायला हवा, आणि जून-जुलैची पानं रिकामी दिसायला हवीत. पण रिकामं पान कुणाला चालत नाही. म्हणून जूनच्या पानावर जूनची तारीख, जुलैच्या पानावर जुलैची, आणि अंगठे सगळे ऑगस्टच्या एकाच दुपारी, एकाच शाईपॅडवर. पावसाळ्यात, जेव्हा घरात दाणा संपलेला असतो आणि पोरांना हगवण लागलेली असते, तेव्हाच हा खंड पडला तर वजनाच्या वहीत बाळ खाली घसरलेलं दिसतं आणि आहाराच्या वहीत त्याने पंचवीस दिवस पोटभर खाल्लेलं दिसतं. मग वरचा अधिकारी काय निष्कर्ष काढणार? आई लक्ष देत नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ याच्या आठव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की ठरलेलं धान्य किंवा आहार मिळाला नाही तर त्याबद्दल अन्नसुरक्षा भत्ता मिळण्याचा हक्क आहे. पण मिळाला नाही हे सिद्ध कशावर करायचं? त्या बाईकडे असलेला एकमेव पुरावा म्हणजे सरकारी वहीतलं रिकामं पान, आणि तेच आपण भरून टाकतो.

मग खरी वही ओळखायची कशी? हिशेब तपासणाऱ्याला त्यासाठी चेहरा लागत नाही. खऱ्या वाटपाला चार-सहा दिवस लागतात, निदान दोन-तीन शाया दिसतात, मध्येच एखादी ओळ मोकळी असते, शिल्लक कधी ४, कधी ११, कधी २५ अशी वेडीवाकडी हलते. महिनोन्महिने शून्यावर थांबणारी वही संशयास्पद समजावी. आणखी एक खूण फार उपयोगी आहे. स्तनदा माता यादीतून निघते ती बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर, आणि बाळ त्याच सुमारास यादीत चढतं. म्हणजे आईची ओळ जिथे थांबते तिथेच बाळाची सुरू व्हायला हवी. जुळं झालं, बाळ दगावलं, कुटुंब गाव सोडून गेलं तर हे चुकतं, पण त्या प्रत्येकाची नोंद दुसऱ्या वहीत सापडते. आई निघाली आणि बाळ आलंच नाही, किंवा बाळ आलं आणि आई वर्षभर स्तनदाच राहिली, असं दिसलं की तिथे बोट ठेवून विचारावं. तसंच तीन वर्षांचं झालेलं पोर या वहीतून निघून गरम जेवणाच्या हजेरीत यायला हवं; दोन्हीकडे असेल तर ते दोनदा जेवतंय, निदान कागदावर. एवढी तपासणी एका बैठकीत होते. त्यानंतर कपाट उघडायचं आणि पाकिटं मोजायची.

सेविकांच्या संघटनांचा आक्षेप वेगळा आहे आणि तो नुसता ‘काम नको’ असा समजणं अन्यायाचं होईल. हे ॲप, पोषण ट्रॅकर, मार्च २०२१ मध्ये आलं, त्याच वर्षी राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, ते काही उगीच नाही. तीच माहिती वहीत लिहायची, तीच फोनमध्ये भरायची, आणि पगार म्हणावा तर मानधन. अकरा वह्या आणि वर ॲप ही दुहेरी वेठ आहे, हे मी शंभर टक्के मान्य करतो. पण म्हणून कागद फेकायचा तर कोणता फेकायचा? वजन, लसीकरण, गृहभेटी, पूर्वशालेय हजेरी, हे फोनवर ठेवा आणि वह्या बंद करा, खुशाल. साठ्याची आणि वाटपाची वही मात्र कागदावर राहू द्या, कारण ती एकटीच अशी आहे की जिचा हिशेब समोर उभ्या असलेल्या बाईला तिथल्या तिथे दाखवता येतो. फोनमधली नोंद ताईच्या हातातून वर जाते. समोरच्या बाईला त्यातलं काय दिसतं?

हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी सावकाराच्या वहीबद्दल पडला होता. १८७५ च्या मे महिन्यात सुप्यापासून पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी दंगे केले तेव्हा त्यांनी मुख्यतः सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या ताब्यात घेऊन जाळल्या. खातं एकाच बाजूकडे होतं, लिहिणारा एकच, वाचणारा एकच. त्यावर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. तो पुष्कळ बाबतींत फसला, हे खरं. पण त्यातली एक तरतूद शहाणपणाची होती: कुळाला पावती द्या, हिशेबाचा उतारा द्या, मागेल त्याला पासबुक द्या. म्हणजे खातं दोन्ही घरी असू द्या. आज पाहा, बँकेत पासबुक आहे, दूध डेअरीत फॅट लिहिलेली चिठ्ठी मिळते, विकास सोसायटीत पावती मिळते. गावात माल घेऊन कोरा परत येणारा माणूस एकच, टीएचआर नेणारी आई. तिच्याजवळ माता-बाल संरक्षण कार्ड असतंच, लसीसाठी ती ते पिशवीत बाळगते. त्याच कार्डात एक पान वाढवून तारीख आणि माप एवढे दोन आकडे ताईने लिहावेत. वहीत दोन, कार्डात एक, असं झालं की महिन्याभरात गावाला कळेल. आणि जूनचं पान ऑगस्टमध्ये भरणं अवघड होईल, कारण बावन्न घरांतली कार्डं मागे नेऊन भरता येत नाहीत.

यावर एक शंका मला खरोखर अडवते. वही उघडी केली, गावात वाचली, तर खापर कुणावर फुटेल? ताईवरच. ती गावातलीच, बहुधा कमी ताकदीच्या घरातली, आणि साखळीतला शेवटचा हात. राजस्थानात १९९४ च्या अखेरीपासून मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्यांत कामांच्या हजेरीपटांचं जाहीर वाचन सुरू केलं. तिथे मेलेल्या माणसांनी मजुरी घेतल्याचं निघालं आणि त्या चळवळीतून पुढे माहितीचा अधिकार आला. पण तिथे वाचन नुसतं मजुराच्या अंगठ्यापाशी थांबत नव्हतं. बिलं आणि सामानही वाचलं जायचं. इथेही वाचायला सुरुवात चलनापासून केली पाहिजे. गाडी कोणत्या तारखेला आली, चलनावर किती लिहिलं होतं, मोजून किती भरलं, फुटलेलं किती, पाकिटावरची मुदत कोणती. ताईने चालकाच्या घाईत न मोजता सही केली असेल तर ती सवय मोडायचीही हीच जागा आहे. मोजल्याशिवाय पोहोच द्यायची नाही, आणि कमी भरलं तर चलनावरच कमी लिहायचं. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत असं सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ लाच बजावलं होतं, तरी पुरवठ्याचं केंद्रीकरण पुन्हा पुन्हा मागच्या दाराने येतं. त्या पुरवठ्याचा उशीर आणि तूट नोंदली जाईल अशी गावपातळीवरची जागा म्हणजे हीच वही. ती बंद झाली तर वर फक्त जुळलेले चेहरे जातील, आणि चेहरे तर गावातल्या बायांचे असतात, पुरवठादाराचा चेहरा कोण तपासतं?

गंमत म्हणजे याच अन्नसुरक्षा कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने रेशनव्यवस्थेचे सगळे अभिलेख लोकांसाठी खुले केले आहेत. अंगणवाडीच्या वहीचा उल्लेख त्यात नाही. अठ्ठाविसाव्या कलमात इतर कल्याण योजनांचंही सामाजिक लेखापरीक्षण सांगितलंय, त्यातून वाट काढता येते. कुपोषित बाळाचं नाव भिंतीवर लावू नये, ते मलाही पटतं. नावं नकोतच. आलं, दिलं, फुटलं, उरलं, हे चार आकडे आणि गाडी आल्याची तारीख खडूने लिहायला कुणाची अब्रू जात नाही.

राहिला त्या पंचवीस पाकिटांचा प्रश्न, कारण खरं लिहिण्याची किंमतही आहे आणि ती लपवून वाद जिंकायचा नाही. ताईने नोव्हेंबरात ३७ लिहिले तर पुढची मागणी ३७ वर जाईल, आणि होळीच्या आधी, भोंगऱ्या बाजाराला टोळ्या परत आल्या की १५ जणांना माल नसेल. खोट्या ५१ ने निदान मार्चमध्ये पाकिटं असतात! सेविका खोटं का लिहितात याचं हे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे, आणि ते मला एका बोलक्या पर्यवेक्षिकेकडूनच ऐकायला मिळालं. त्यावर उपाय यादी कापण्याचा नाही. यादी आणि हजर असे दोन आकडे वेगळे मागितले पाहिजेत. यादी ५२, हजर ३७, बाहेरगावी १५, परत येण्याचा अंदाज फाल्गुन. मागणी हजरवर पाठवा, आणि फाल्गुनासाठीची मागणी यादीवर. शिल्लक २५ पुढच्या महिन्यात वळती करा, मुदत संपणार असेल तर शेजारच्या अंगणवाडीला चलनाने द्या. नंदुरबार-धुळ्यात टोळ्या कधी जातात आणि कधी येतात हे प्रकल्प कार्यालयातल्या शिपायालाही पाठ असतं; ते मागणीच्या तक्त्यात घालायला कोणतंही नवं यंत्र लागत नाही. प्रकल्प अधिकाऱ्याने एक परिपत्रक काढावं की कारण लिहिलेल्या शिल्लकेबद्दल खुलासा मागवला जाणार नाही, आणि सलग तीन महिने शून्य आलं तर मात्र कपाट मोजायला माणूस येईल.